तांदूळ शुक्रवारीच निवडून ठेवायचे

कोकणात अलिबाग, पेण, रोहे या पट्ट्यात एकेकाळी तेली दोन नावांनी ओळखले जायचे. एक सोमवार तेली आणि दुसरे शनवार तेली. सोमवार तेली शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवायचे. शनवार तेल्यांचा घाणा शनिवारी बंद असायचा. आपला वार पाळणारी आणखी एक तेल्यांची जमात, एवढीच आसपासच्या लोकांच्या लेखी त्यांची ओळख होती. प्रत्यक्षात ते ज्यू होते. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, त्यातून सात जोडपी वाचली आणि आपण त्यांचे वंशज, असं ते सांगत आले. पुढे त्यांनी स्वतःला बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरं, म्हटलं. आडनावं मात्र पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी अस्सल कोकणी राहिली.

या लोकांचं बरंच काही विसरून गेलं होतं. हिब्रू भाषा गेली, पोथ्या नव्हत्या, त्या वाचणारं कुणी नव्हतं. उरलं ते एवढंच : मुलाची सुंता, काही खाण्यापिण्याचे नियम, ‘शेमा’ नावाच्या प्रार्थनेची सुरुवात आणि शनिवारी घाणा न चालवणं. ग्रंथ नसताना, धर्मगुरू नसताना, इतर ज्यूंशी संबंध तुटलेला असताना जी मोजकी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या टिकली ती ‘काम न करणं’ ही असावी, याचं मला नेहमी नवल वाटत आलं आहे. न करण्याची गोष्ट आठवणीत ठेवणं सोपं नसतं.

घाणा थांबला की बैलही थांबतो. ‘घाण्याला जुंपलेला बैल’ हे आपल्या भाषेत न संपणाऱ्या कामाचं चित्र आहे. आणि ज्यूंच्या तोरा या मूळ ग्रंथात जिथे दहा आज्ञा येतात, तिथे सातव्या दिवशी कुणी कुणी काम करायचं नाही याची यादीच दिली आहे : तू, तुझा मुलगा, तुझी मुलगी, दास, दासी, तुझा बैल, तुझं गाढव, तुझ्या गावात राहणारा परका माणूस. बायको तेवढी यादीत नाही. भाष्यकार सांगतात की ‘तू’ या शब्दातच ती आली. या गैरहजेरीकडे मी पुढे पुन्हा येणार आहे. बैल मात्र नाव घेऊन सांगितला आहे.

शब्बाथ म्हणजे हा सातवा दिवस. हिब्रूत वारांना नावं नाहीत. रविवार हा ‘पहिला दिवस’, सोमवार ‘दुसरा’, असं मोजत शुक्रवारी ‘सहावा’ येतो, आणि नाव फक्त सातव्याला आहे. ‘शब्बाथ’चा मूळ धातू ‘थांबणं’ या अर्थाचा. हा दिवस शुक्रवारी सूर्य मावळताना सुरू होतो आणि शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की संपतो. म्हणजे साधारण २५ तास. आपला दिवस उजाडण्यापासून मोजायची आपल्याला सवय. ज्यूंचा दिवस अंधार पडताना सुरू होतो.

आता या २५ तासांत करायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं नाही? इथे वाचकाची पहिली समजूत चुकते, कारण ‘विश्रांती’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दमणूक येते. घरातल्या घरात लाकडी जड मेज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओढत नेलं, घामाघूम झालं, तरी शब्बाथ मोडत नाही. अंगणातल्या झाडाचं एक पान तोडलं तर मोडतो. काडी ओढली तर मोडतो. दोन अक्षरं लिहिली तरी मोडतो. तेव्हा कष्ट हे इथलं माप नव्हे.

मनाई आहे ती ‘मेलाखा’ला. या शब्दाला मराठीत एका शब्दाचा पर्याय सापडत नाही. हेतू ठेवून, कौशल्य वापरून वस्तू बदलणं, घडवणं, असा त्याचा अर्थ. तोरामध्ये ‘मेलाखा करू नको’ असं सांगितलं आहे, पण मेलाखा कशाकशाला म्हणायचं याचा तपशील नाही. तो मिश्ना या इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या ग्रंथात आहे. त्यात ‘चाळीसला एक कमी’ अशा खास शब्दांत ३९ प्रकारची कामं सांगितली आहेत. हा आकडा कुठून आला? तोरामध्ये शब्बाथची आज्ञा आणि ‘मिश्कान’ म्हणजे वाळवंटात उभारलेल्या तंबूच्या देवळाच्या बांधणीची वर्णनं अगदी लगतच येतात. त्यावरून रब्बींनी म्हणजे ज्यू धर्मपंडितांनी अर्थ काढला की देवाचं घर बांधायला जी जी कामं लागली, तीच शब्बाथला थांबवायची. देवाच्या घरासाठीसुद्धा नाही, तर तुमच्या घरासाठी कशी चालतील?

ही यादी वाचायला बसलं की जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीचं गाव डोळ्यांपुढे येतं. नांगरणी, पेरणी, कापणी, मळणी, पाखडणं, निवडणं, दळणं, चाळणं, मळणं, भाजणं, अशी भाकरीची ११ कामं. लोकर कातरण्यापासून कापड विणून शिवण्यापर्यंत १३. हरणाची शिकार करून त्याचं कातडं कमावण्यापर्यंत, आणि त्या कातड्यावर लिहिण्या-खोडण्यापर्यंत ९. बांधणं आणि पाडणं. विस्तव पेटवणं आणि विझवणं. वस्तू पुरी करणारा हातोड्याचा शेवटचा ठोका. आणि घरातली वस्तू रस्त्यावर नेणं. प्रत्येक कामाच्या पोटात त्याची भावंडं येतात. मळणी म्हणजे टरफलातून दाणा मोकळा करणं. म्हणून द्राक्ष पिळून रस काढणं किंवा ऑलिव्हचं तेल गाळणं हीदेखील मळणीच मानली. त्या हिशेबाने कोकणातला घाणा शनिवारी मळणीच करत होता. मिश्ना ज्यांनी कधी पाहिली नव्हती, त्यांनी तो बरोबर बंद ठेवला होता.

यातलं ‘निवडणं’ मला सगळ्यांत बोलकं वाटतं. तांदळातले खडे वेचणं शब्बाथला चालत नाही. भात शिजवायचाही नसतो, त्यामुळे तांदळाचा प्रश्न शुक्रवारीच मिटतो. पण शिजलेल्या, तयार पदार्थाचं काय? आपल्या चिवड्याचं उदाहरण घेऊ. चिवड्यातला कढीपत्ता तुम्हाला नको आहे. तो वेचून बाजूला काढला, तर ते निवडणं झालं, म्हणजे काम. पण कढीपत्ता तिथेच ठेवून, तुम्हाला हवे ते दाणे आणि पोहे हाताने उचलून लगेच तोंडात टाकले, तर ते खाणं झालं. नियम तीन गोष्टी पाहतो : हवं ते उचललंत की नको ते काढलंत, हाताने की चाळणीसारख्या साधनाने, आणि आत्ता खायला की नंतरसाठी. नको ते काढून वस्तू सुधारून ठेवणं म्हणजे मेलाखा. आहे त्यातलं हवं ते घेऊन खाणं म्हणजे जगणं. सहा दिवस जगाला निवडत, पाखडत, नीट करत बसायचं आणि सातव्या दिवशी जग कढीपत्त्यासकट आहे तसं राहू द्यायचं. इतका मोठा विचार ताटलीतल्या इतक्या क्षुल्लक हालचालीत आणून बसवणं ही रब्बींची हातोटी. बाहेरच्याला ती किचकटपणा वाटते, आणि कधीकधी ती असतेही.

प्रत्यक्षात हे सगळं शुक्रवारी घडतं. जेरुसलेममध्ये सूर्यास्ताच्या ४० मिनिटं आधी भोंगा वाजतो. दिवे लावायची ती वेळ. जगात इतरत्र बहुतेक ठिकाणी १८ मिनिटं आधी लावतात. या क्षणाच्या आत सगळं आटोपलेलं असावं लागतं आणि तो क्षण पुढे ढकलता येत नाही. हिवाळ्यात दिवस लहान असतो, तेव्हा शाळा-कचेऱ्यांतून माणसं दुपारीच घराकडे पळत असतात. स्वयंपाक झालेला असतो. शनिवारच्या दुपारचं गरम जेवण म्हणजे ‘हामीन’ : कडधान्य, गहू किंवा बार्ली, बटाटे, मांस आणि सालीसकट अंडी एका मोठ्या पातेल्यात घालून, मंद आचेवर पत्रा टाकून त्यावर ते रात्रभर ठेवलेलं असतं. पेटवायचं नाही, पण आधी पेटवलेलं जळत राहिलं तर चालतं. कोणते दिवे चालू ठेवायचे, कोणते घड्याळी बटणावर टाकायचे हे ठरवून घेतात. फ्रिजचं दार उघडल्यावर लागणारा छोटा दिवा सैल करून ठेवतात. तो विसरला तर मोठी पंचाईत, कारण दार उघडणं म्हणजे दिवा लावणं होईल. पैसे, पेन, कात्री या शब्बाथला ज्यांचा उपयोग नाही अशा वस्तू दूर ठेवतात, कारण मग त्या हातातही घ्यायच्या नसतात. आजकाल फोनही त्याच खणात जातो.

मग घरातली बाई दिवे लावते. किमान दोन. अनेक घरांत ती आधी दिवे लावते, मग हातांनी डोळे झाकून आशीर्वाद म्हणते आणि मग डोळे उघडते. या क्रमाला कारण आहे : आशीर्वाद म्हटला की शब्बाथ सुरू झाला, आणि सुरू झाला की काडी ओढता येत नाही. म्हणून ज्योत आधी लावून घ्यायची, पण ती पाहायची आशीर्वादानंतर. कोणतं तेल चालेल यावरही मिश्नामध्ये वाद आहे. एका रब्बीच्या मते फक्त ऑलिव्हचं. त्यावर तालमूदमध्ये, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या अवाढव्य संग्रहात, दुसरा उभा राहून विचारतो की ज्यांच्याकडे तिळाच्या तेलाशिवाय काही नाही त्या बाबिलोनच्या लोकांनी काय करायचं? तिळाचं तेल मान्य झालं. कोकणातल्या तेल्यांच्या वतीनेही कुणीतरी आधीच बोलून ठेवलं होतं, असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे शनिवार हा पुष्कळांचा उपासाचा वार, त्यामुळे व्रत म्हटलं की आपल्याला पोट रिकामं ठेवणं आठवतं. शब्बाथला उपास करायचा नसतो. अपवाद फक्त योम किप्पूर हा प्रायश्चित्ताचा दिवस त्याच वारी आला तर. एरवी तीन जेवणं नेमाने व्हायला हवीत. पहिलं शुक्रवारी रात्री. आई-वडील मुलांच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात. द्राक्षारसाच्या पेल्यावर ‘किद्दुश’ म्हणतात, म्हणजे हा दिवस वेगळा आहे असं मोठ्याने जाहीर करतात. द्राक्षारस मिळत नसे तेव्हा बेने इस्राएल मनुका भिजवून त्यांचं सरबत करत, आणि ती रीत त्यांनी पुढेही सोडली नाही. टेबलावर पाव दोन असतात. वाळवंटात भटकताना आकाशातून ‘मान्ना’ नावाचं अन्न पडायचं, ते शुक्रवारी दुप्पट पडे आणि शनिवारी पडत नसे, अशी तोरामधली कथा. हे दोन पाव तिची आठवण. त्या कथेत काही जण शनिवारीही टोपल्या घेऊन बाहेर पडले आणि हात हलवत परत आले. त्या माणसांबद्दल मला थोडी सहानुभूती वाटते.

इथवर दिसणारी बाजू झाली. आता मनाची.

ज्यू माणूस रोज उभं राहून जी मुख्य प्रार्थना म्हणतो, तिच्यात १९ आशीर्वाद आहेत. पहिले तीन स्तुतीचे, शेवटचे तीन आभाराचे, आणि मधले १३ मागण्यांचे : बुद्धी दे, आजार बरा कर, पीकपाणी चांगलं होऊ दे, न्याय दे. शब्बाथला हे मधले १३ गाळतात आणि त्या जागी दिवसाचं पावित्र्य सांगणारा एकच म्हणतात. बेरीज सात. म्हणजे त्या दिवशी देवाकडेही मागायचं नाही. हात थांबले, तशी मागणीही थांबायला हवी. मागायला लागलं की काय कमी आहे ते आठवतं, आणि हा दिवस काही कमी नाही असं धरून काढायचा आहे.

रब्बींनी इथे एक साधा प्रश्न विचारला आहे. आज्ञेत म्हटलं आहे की सहा दिवस श्रम कर आणि तुझं ‘सगळं’ काम कर. सहा दिवसांत सगळं काम कुणाचं होतं? कुणाचंच नाही. मग हा शब्द का? त्यांचं उत्तर असं की शब्बाथला असं थांबायचं, जणू तुझं सगळं काम झालेलं आहे. माझ्या मते या सगळ्या व्यवहाराची किल्ली इथे आहे. काम संपलं की विसावा घेऊ, असं आपण म्हणतो आणि काम संपत नाही. इथे सूर्य मावळतो तेव्हा काम संपलं असं मानतात. कापड माग्यावर अर्धं असेल, पत्र अर्धं लिहिलेलं असेल, तरी ते झालं. नियम पाळणाऱ्याला अवघड जातं ते हात आवरणं नव्हे. अर्धवट पत्र डोक्यातून काढणं जास्त अवघड.

म्हणून बोलण्यावरही बंधन आलं. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात या दिवशी आपल्या धंद्याच्या मागे लागू नये, त्याच्या गोष्टी बोलू नयेत असं सांगितलं आहे. ‘उद्या अमुक विकत घेणार आहे’ एवढंही बोलू नये, असा रब्बींनी त्याचा अर्थ लावला. तालमूदमध्ये एका भाविक माणसाची गोष्ट आहे. त्याच्या शेताच्या कुंपणाला खिंडार पडलेलं त्याला दिसलं. हे बुजवायला हवं, असं त्याच्या मनात आलं. आणि मग आठवलं, आज शब्बाथ. त्याने नुसता विचार केला होता. विचाराला नियमाने मनाईही नाही. तरी त्याने ठरवलं की ज्या खिंडाराचा बेत मी शब्बाथला केला ते मी कधीच बुजवणार नाही. पुढे त्या जागी केपरचं झुडूप उगवलं, ज्याच्या कळ्या, फळं, पानं खाता येतात, आणि त्यावर त्याचं आणि त्याच्या कुटुंबाचं पोट चाललं. चमत्काराचा भाग सोडून देऊ. लक्षात राहतं ते कायम उघडं राहिलेलं खिंडार. शेतकऱ्याला विचारा, कुंपणाचं खिंडार उघडं ठेवणं म्हणजे काय ते!

मग या थांबण्यातून मिळायचं काय? यावर ज्यूंमध्येही एकमत नव्हतं. रोमन लोकांना हा प्रकार आळशीपणाचा वाटे. सेनेका या तत्त्वज्ञाने टीका केली होती की हे लोक आयुष्याचा सातवा भाग फुकट घालवतात. त्याच शतकात अलेक्झांड्रियात राहणारा ज्यू विचारवंत फायलो याने ग्रीक-रोमन वाचकाला पटेल असं समर्थन केलं : मधे विसावा घेतला की शरीर ताजंतवानं होतं आणि माणूस नव्या जोमाने कामाला लागतो. आज हेच वाक्य कुठल्याही कचेरीतल्या मनुष्यबळ विभागाच्या पत्रकात शोभेल. आणि नेमकं हेच १९५१ साली अब्राहम जोशुआ हेशेल यांनी नाकारलं. वॉर्सात जन्मलेले, नाझींच्या तावडीतून सुटून अमेरिकेत पोचलेले हे रब्बी. ‘द सॅबथ’ नावाच्या त्यांच्या छोट्या पुस्तकाचं म्हणणं असं की शब्बाथ आठवड्यासाठी नाही, आठवडा शब्बाथसाठी आहे. माणसाची सगळी धडपड जागा मिळवण्याची, वस्तू मिळवण्याची. ज्यू धर्माने मात्र आपली देवळं काळात बांधली, असा त्यांचा मुद्दा होता. जेरुसलेमचं दगडी देऊळ इसवी सन ७० मध्ये रोमनांनी पाडलं. शनिवार कुणाला पाडता आला नाही.

फायलो बरोबर की हेशेल, याचा निकाल पुस्तकात शोधण्यापेक्षा मी स्वयंपाकघरात शोधेन. शनिवारी दुपारी जेवण झालं, ओट्यावर भांडी पडली आहेत. ती धुवायची का? संध्याकाळच्या तिसऱ्या जेवणाला लागणार असतील तर धुवायची. लागणार नसतील, नुसती रात्री पसारा नको म्हणून धुवायची असतील, तर नाही. भांडी विसळणं हे ३९ कामांत येत नाही. मनाई आहे ती शब्बाथचा वेळ पुढच्या आठवड्याच्या तयारीला लावण्याची. याचंच आणखी सूक्ष्म रूप असं की शनिवारी दुपारी झोपणं ही तर शब्बाथची मोठी मजा मानली जाते, पण ‘रात्री काम करायचंय म्हणून आत्ता झोपून घेतो’ असं म्हणायचं नाही, असं पुढच्या काळातल्या नियमग्रंथांत सांगितलं आहे. झोप तीच, अंथरूण तेच. ती उद्याच्या नावे जमा करायची नाही इतकंच. इथे कायदा हेशेलच्या बाजूने उभा आहे.

तोरामध्ये दहा आज्ञा दोनदा येतात आणि शब्बाथचं कारण दोन्हीकडे वेगळं आहे. एकीकडे : देवाने सहा दिवसांत जग निर्माण केलं आणि सातव्या दिवशी तो थांबला. दुसरीकडे : तू मिसर देशात गुलाम होतास हे आठव. पहिलं कारण मालकाला लागू पडतं, घडवणाऱ्याने हात आखडता घ्यावा म्हणून. दुसरं गुलामाला. ज्याला थांबण्याचा हक्क नसतो तो गुलाम, आणि सुटका झालेल्याने स्वतःच्या नोकराला, बैलाला तो हक्क द्यायचा. यात हक्क मागावा लागत नाही, मालकालाच आज्ञा आहे, हा विशेष. आपल्याकडे मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षं सभा आणि अर्ज केल्यावर. बेने इस्राएलांची गंमत पाहा. इंग्रजी अमलात ते घाणे सोडून मुंबई-पुण्याकडे आले, पलटणीत, रेल्वेत, सरकारी कचेऱ्यांत शिरले. तिथे सुट्टी रविवारी. ज्यांची ओळखच शनिवार न मोडणारे अशी होती त्यांना सिनेगॉगची वाट दाखवणारे मिळाले, हिब्रू पोथ्या मिळाल्या, नियमांचा सगळा तपशील कळला, आणि त्याच सुमारास शनिवार पाळणं अवघड झालं. न्यूयॉर्कच्या शिवणकामाच्या कारखान्यांत पोचलेल्या ज्यू कामगारांचीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हीच गत होती : शनिवारी आला नाहीस तर सोमवारी येऊ नकोस.

नियम मोडण्याचे रस्तेही नियमातच आहेत, आणि ते रक्त सांडून शिकलेले आहेत. इसवी सनापूर्वी १६७ च्या आसपास सिरियाच्या ग्रीक राजाविरुद्ध ज्यूंचं बंड उभं राहत होतं. वाळवंटातल्या गुहांत लपलेल्या लोकांवर सैन्याने शब्बाथच्या दिवशी हल्ला केला. त्यांनी शस्त्र उचललं नाही, गुहेच्या तोंडाशी दगडही रचला नाही. सुमारे हजार माणसं, बायका-मुलांसकट मारली गेली. ते ऐकून बंडाचा म्हातारा पुढारी मत्तथिया आणि त्याच्या लोकांनी ठरवलं की हल्ला झाला तर शब्बाथलाही लढायचं. पुढे रब्बींनी हे तत्त्व पक्कं केलं : जिवाचा धोका असेल, नुसती शंका असेल, तरी शब्बाथ मोडायचा. तोही लहान मुलाकरवी किंवा परधर्मीयाकरवी चोरून नाही. गावातल्या जाणत्याने स्वतः पुढे होऊन. एक शब्बाथ मोडला तर तो माणूस पुढचे पुष्कळ पाळू शकेल, हा त्यामागचा हिशेब. आज ज्यू डॉक्टर शनिवारी शस्त्रक्रिया करतो ती याच नियमाने, आणि त्यात त्याला पाप नाही, कर्तव्यच आहे.

बायकोचं राहिलं होतं. ज्यांच्या घरी शब्बाथ नेटाने पाळतात त्या घरांतला शुक्रवार हा बाईचा आठवड्यातला सर्वांत थकवणारा दिवस असतो. तीन जेवणं, पाहुणे, मुलांच्या आंघोळी, सगळ्याला एकच न हलणारी वेळ. दोन दिवसांचं काम एका दिवसात. थांबण्याची किंमत कुणीतरी आधी मोजलेली असते आणि ती सगळ्यांत सारखी वाटलेली असतेच असं नाही. तालमूदमधले मोठमोठे रब्बी शुक्रवारी स्वतः मासे खारवत, लाकडं फोडत, अशी वर्णनं आहेत. ती मुद्दाम नोंदवून ठेवावी लागली, यावरून काय ते समजावं.

नियमच काय, दिवसही हाती नसेल तर? तालमूदने हाही प्रश्न सोडलेला नाही. एक माणूस वाळवंटात वाट चुकला आहे. किती दिवस झाले याचा हिशेब चुकला. आज कोणता वार, त्याला माहीत नाही. त्याने काय करायचं? एक रब्बी म्हणतो, आजपासून सहा दिवस मोज आणि सातवा पाळ. जग निर्माण झालं तसं. दुसरा म्हणतो, आधी एक पाळ, मग सहा मोज. पहिल्या माणसासारखं, कारण आदाम सहाव्या दिवशी जन्मला आणि त्याचा पहिला पुरा दिवस शब्बाथच होता. पण अडचण पुढेच आहे. त्याने धरलेला सातवा दिवस खरा असेलच असं नाही. खरा शब्बाथ बाकीच्या सहांपैकी कुठलाही असू शकतो. म्हणून सातही दिवस त्याने जगण्यापुरतंच काम करायचं. आणि जगायचं तर त्या सातव्या दिवशीही तेवढं काम करावंच लागणार. मग त्या दिवसात आणि बाकीच्या दिवसांत फरक काय उरला? तालमूदचं उत्तर दोन शब्दांचं आहे : किद्दुश आणि हावदाला. येताना ‘आलास’ म्हणायचं आणि जाताना ‘निघालास’.

हावदाला म्हणजे वेगळं करणं. शनिवारी रात्री तीन तारे दिसले की द्राक्षारसाचा पेला पुन्हा काठोकाठ भरतात. लवंग-दालचिनीची डबी हातोहात फिरते आणि प्रत्येक जण तिचा वास घेतो. शब्बाथला माणसाला एक जास्तीचा जीव मिळतो आणि तो आता निघून चालला, म्हणून उरलेल्याला जरा हुशारी यावी यासाठी हा वास, असं सांगतात. मग अनेक वातींची, वेणीसारखी वळलेली मेणबत्ती पेटवतात. पंचवीस तासांतला तो पहिला विस्तव. बोटं वाकवून तिच्या उजेडात नखं बघतात, म्हणजे उजेडाचा उपयोग केल्यासारखं होतं. पवित्र आणि रोजचं, उजेड आणि अंधार, सातवा दिवस आणि कामाचे सहा, यांत फरक करणाऱ्याला धन्यवाद देतात. पेल्यातला द्राक्षारस थोडा ताटलीत सांडून ज्योत त्यात बुडवतात. ती चर्रकन विझते. मग कुणीतरी दिव्याचं बटण दाबतं, खणातले फोन बाहेर येतात, आणि दुपारपासून ओट्यावर पडलेली भांडी घासायला कोण उभं राहणार यावर घरात बोलणं सुरू होतं.